उजळणीचा डाव

गेल्या अंकांत पाठांतराविषयीं लिहितांना मीं ओघांत असा उल्लेख केला होता कीं, माझ्या सातवीच्या वर्गांत दर शनिवारीं आठवड्याच्या धड्यांवर प्रश्नांचा एक डाव होतो. त्या एका वाक्यावर जितकीं पत्रें आलीं, तितकीं उरलेल्या सबंध लेखावर आलीं नाहींत. बहुतेकांचें मागणें एकच : डावाचे नियम काय, गुण कसे देतां, प्रश्न कोठून आणतां, तें सविस्तर लिहा. एका भगिनींनीं तर स्पष्टच विचारलें आहे कीं, "असा खेळ आमच्या मुलाच्या शाळेंतही होतो, परंतु त्यांतून मुलगा कांहीं शिकतो असें दिसत नाहीं, नुसता घसा बसवून घरीं येतो. तुमच्या खेळांत निराळें काय आहे?" प्रश्न रास्त आहे; आणि पांच वर्षांपूर्वीं माझाही खेळ अगदीं तसाच होता, हें मला आधींच कबूल केलें पाहिजे.

त्या वेळीं मी टेबलावर एक घंटी ठेवीत असें. वर्गाचे आठ गट, प्रश्न तीस. प्रश्न संपतांच जो प्रथम धांवत येऊन घंटी वाजवील त्यानें उत्तर द्यावयाचें. बरोबर आलें तर गटाला दहा गुण, चुकलें तर पांच वजा. वर्ग शनिवारची वाट पाहत असे, शेजारच्या वर्गांतलीं मुलें खिडकींतून डोकावत, आणि मलाही आपण कांहीं नवें केल्याचें समाधान होतें. तें एका मधल्या सुट्टींत संपलें. वर्गांतील एका मुलीची आई मला भेटावयास आली. मुलगी अभ्यासांत चांगली, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखें, पण स्वभावानें अबोल. आई म्हणाली, "बाई, रागावूं नका, पण शनिवार आला कीं हिच्या पोटांत दुखूं लागतें. गेले तीन शनिवार मीं तिला घरींच ठेवलें. काल खोदून विचारलें, तेव्हां म्हणाली, माझ्यामुळें गट हरतो म्हणून सगळीं बोलतात."

मला तो प्रसंग आठवला. त्या मुलीनें एकदांच घंटी वाजविली होती, उत्तर चुकलें होतें आणि पांच गुण गेल्यामुळें तिचा गट दुसरा आला होता. मी त्या आईला कांहींतरी बोलून वाटेला लावलें खरें. परंतु पुढच्या शनिवारीं हजेरीपत्रकाची एक प्रत जवळ ठेवली आणि जो उत्तर देईल त्याच्या नांवापुढें एक टिंब देत गेलें. तास संपल्यावर मोजलें. तीस प्रश्नांपैकीं तेवीस प्रश्नांचीं उत्तरें चार मुलांनीं दिलीं होतीं, आणि चाळिसांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांच्या नांवापुढें एकही टिंब नव्हतें. वर्ग गर्जत होता, पण उजळणी चौघांची चालली होती. तीही ज्यांना तिची गरज सर्वांत कमी त्यांची.

गर्दींत उत्तर लपविण्याची ही सोय जुनीच आहे. आपल्या घरांतून दिवेलागणीला परवचा होत असे, तेव्हां सगळीं भावंडें एका सुरांत पाढे म्हणत. ज्याला एकोणतीसचा पाढा येत नसे, तो शेवटचा आकडा ऐकूं आला कीं त्यांत आपला आवाज मिसळून देई, आणि आजोबांना तें कळत नसे. घंटीच्या खेळांत एवढाच फरक कीं, तेथें गप्प बसलें तरी चालतें.

आठवण्याचे श्रम स्वतः करण्यानें काय होतें, याविषयीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी या दोघांनीं केलेला आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शिक्षकांनीं अवश्य समजून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. मग कांहींनीं तोच उतारा पुन्हां वाचला. कांहींनीं तो बाजूला ठेवून जें आठवेल तें कोऱ्या कागदावर लिहिलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते : त्यांच्या लक्षांत शेंकडा ८१ मुद्दे, आठवून लिहिणारांच्या ७५. परंतु आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हां पारडें फिरलें : पुन्हां वाचणारांकडे ४२ उरले होते, आठवून लिहिणारांकडे ५६. म्हणजे ज्यानें उत्तर स्वतः ओढून काढलें त्याच्यापाशीं तें टिकलें. माझ्या घंटीनें हें ओढून काढण्याचें काम चौघांना दिलें होतें आणि बाकीच्यांना प्रेक्षक केलें होतें. म्हणून डाव मोडून नव्यानें मांडतांना मीं एकच कसोटी धरली : कोणतेंही उत्तर वर्गांत उच्चारलें जाण्यापूर्वीं तें चाळीसही मुलांनीं मनांत शोधलेलें असलें पाहिजे. आतां सांगतें ते सगळे नियम त्या एका कसोटींतून आलेले आहेत.

चाळीस मुलांचे पांच-पांचांचे आठ गट करावे. गट मुलांनीं पाडावयाचे नाहींत; सहामाहीच्या गुणांवरून मी वर्गाचे पांच थर करतें आणि प्रत्येक थरांतून एक मूल एकेका गटांत घालतें. गटांत प्रत्येकाला एक ते पांच असा क्रमांक मिळतो, तो मात्र चिठ्ठी टाकून. नाहीं तर क्रमांक एक म्हणजे हुशार आणि पांच म्हणजे ढ, हें मुलांना दुसऱ्याच दिवशीं उमगतें. चार आठवड्यांनीं गट बदलावे.

पहिली फेरी पाटीची. हल्लीं पाट्या सर्वांकडे नसतात. जुन्या वहीचे पाठकोरे कागद आणि जाड स्केचपेन पुरतें. मी प्रश्न सांगतें, मनांत चाळीस आंकडे मोजतें आणि "दाखवा" म्हणतें, कीं सगळ्यांनीं कागद एकदम माझ्याकडे तोंड करून वर धरावयाचे. जितके कागद बरोबर तितके गुण, म्हणजे एका प्रश्नाला गटास जास्तींत जास्त पांच. प्रश्न सहा, एकूण गुण तीस. येथें चुकीला वजाबाकी नाहीं. शिवाय गटांतल्या कोणाचें चुकलें हें मी सांगत नाहीं. "चार" एवढेंच म्हणून फळ्यावर आंकडा मांडतें. कागद माझ्याकडे वळलेले असल्यामुळें शेजाऱ्यांना तें दिसतही नाहीं. पोटांत दुखणाऱ्या मुलींसाठीं हा नियम केला, पण त्याचा उपयोग मलाच अधिक झाला : आठ गटांत एकाच प्रश्नाला दोन-दोन, तीन-तीन असे आंकडे येऊं लागले म्हणजे तो भाग वर्गाला समजलेला नाहीं, सोमवारीं पुन्हां शिकविला पाहिजे, हें तेथल्या तेथें कळतें.

दुसरी फेरी क्रमांकाची. येथें प्रश्न 'कां' चा असतो. गटानें एक मिनिट डोक्याला डोकें लावून विचार करावा, एकमेकांना उत्तर समजावून द्यावें. मग मी डब्यांतून एक चिठ्ठी काढतें. तीन निघाला तर प्रत्येक गटाच्या क्रमांक तीननें उभें राहून उत्तर आणि त्याचें कारण एका वाक्यांत कागदावर लिहावयाचें. बाकीच्यांनीं तोंडाला कुलूप लावावयाचें. उत्तराला दोन गुण, कारणाला तीन. प्रश्न चार, एकूण वीस. ज्या गटांतून कुजबूज येईल त्याचा तो प्रश्न बाद. चिठ्ठी कोणाची निघेल हें अगोदर ठाऊक नसल्यानें गटांतला हुशार मुलगा आतां उत्तर स्वतःशीं ठेवून चालत नाहीं. सगळ्यांत मागें असलेल्याला तें समजलें कीं नाहीं, याची त्यालाच काळजी लागते. पूर्वीं मी निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवीत असें. तेव्हां एकदां सुटलेलीं मुलें उरलेला वेळ खिडकीबाहेर पाहूं लागलीं. आतां चिठ्ठी लगेच डब्यांत परत जाते, आणि कधीं कधीं तोच क्रमांक तीनदां निघतो. मुलें त्याला अन्याय म्हणतात. मी ऐकून घेतें आणि डबा हलवितें.

तिसरी फेरी खात्रीची, आणि माझ्या मतें डावाचा जीव तींतच आहे. येथें गटानें एक उत्तर लिहावयाचें आणि त्याखालीं तीन शब्दांपैकीं एक : खात्री, बहुधा, किंवा अंदाज. खात्री लिहून बरोबर आलें तर तीन गुण, चुकलें तर तीन वजा. बहुधा लिहिलें तर बरोबरला दोन, चुकीला एक वजा. अंदाज असेल तर बरोबरला एक, चुकीला कांहीं नाहीं. प्रश्न पांच.

हे आंकडे मला एकदम साधले नाहींत. प्रथम मीं चुकीला वजाबाकीच ठेवली नव्हती. तेव्हां दोनच शनिवारांत मुलांनीं ओळखलें कीं खात्री लिहिण्यांत तोटा कांहींच नाहीं, आणि सर्व कागदांवर खात्रीच दिसूं लागली. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत टोनी गार्डनर-मेडविन यांनीं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठीं वापरलेली पद्धति घेऊन पाहिली. तींत खात्रीच्या चुकीला सहा आणि मधल्या पायरीच्या चुकीला दोन वजा आहेत. ज्यांच्या हातीं पुढें रोगी जावयाचे त्यांना ही कडक शिक्षा योग्यच. परंतु माझीं बारा वर्षांचीं मुलें इतकीं धास्तावलीं कीं, स्वतःचें नांव विचारलें असतें तरी त्यांनीं अंदाज लिहिला असता. शेवटीं वर दिलेले आंकडे ठरविले, आणि ते कसे चालतात हें मुलांकडूनच करून घेतलें. समजा, असल्या दहा प्रश्नांत तुमचीं सात उत्तरें बरोबर येतात. दहाही ठिकाणीं खात्री लिहिलीत तर एकवीस मिळून नऊ जातील, उरतील बारा; बहुधा लिहिलेंत तर चौदांतून तीन जाऊन अकरा; अंदाज लिहिलात तर नुसते सात. पण दहांत चारच बरोबर येत असतील, तर खात्रीनें सहा गुण पदरचे जातात, बहुधानें दोन मिळतात आणि अंदाजानें चार. म्हणजे आपल्याला जितकें ठाऊक आहे तितकेंच खरें सांगणाऱ्याला सर्वांत अधिक गुण मिळतात. बढाई मारणारा बुडतो आणि उगाच भिणाराही मागें राहतो. हें गणित फळ्यावर मांडल्यापासून गटांतली कुजबूज बदलली. पूर्वीं "लिही, लिही" एवढेंच ऐकूं येई, आतां "तुला कशावरून वाटतें?" असें ऐकूं येतें. आणि चूक झाली तर ती पांचांनीं मिळून केलेली असल्यामुळें एकट्यावर येत नाहीं.

आतां प्रश्नांविषयीं. बुधवारीं प्रत्येक मुलानें एका चिठ्ठीवर एक प्रश्न, त्याचें उत्तर आणि पुस्तकांतील पानाचा आंकडा लिहून द्यावयाचा, असा परिपाठ आहे. चाळीस चिठ्ठ्यांतून कामाचे प्रश्न दहा-बाराच निघतात. उरलेल्यांत सनावळ्या आणि गाळलेल्या जागा असतात. त्या दहा-बारांत मी आपली भर घालतें. कोणता प्रश्न कोणत्या फेरींत घालावा याची माझी खूण साधी आहे. ज्याचें उत्तर पुस्तकांतील एका ओळीवर बोट ठेवून दाखवितां येतें तो पाटीचा. ज्याच्यासाठीं दोन निरनिराळ्या पानांवरच्या ओळी जोडाव्या लागतात तो क्रमांकाचा. आणि जेथें पुस्तक एक सांगतें पण घरचा अनुभव वरवर पाहतां दुसरेंच सांगतो, तो खात्रीचा.

उदाहरणासाठीं एक आठवडा घेतें. वर्गांत त्या आठवड्यांत इतिहासांतील पुरंदरचा तह व आग्र्याहून सुटका, विज्ञानांतील पाण्याचें बाष्पीभवन व उत्कलन, आणि व्याकरणांतील प्रयोग हीं प्रकरणें झालीं होतीं. पाटीच्या फेरींत मीं विचारलें : पुरंदरच्या तहाची बोलणीं महाराजांनीं मोगलांच्या कोणत्या सेनापतीशीं केलीं? मिर्झाराजे जयसिंग. तहांत किती किल्ले द्यावे लागले? तेवीस. "मुलानें मांजरीला पकडलें" यांत प्रयोग कोणता? भावे. अशीं चार उत्तरें त्या आठवड्याचीं आणि दोन मागल्या आठवड्यांत चुकलेल्यांपैकीं.

क्रमांकाच्या फेरींत "भावे प्रयोगाची व्याख्या सांगा" असा प्रश्न घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. व्याख्या पाठ असलेलीं मुलें वाक्य दिसलें कीं गडबडतात. त्याऐवजीं विचारावें : "रामानें आंबा खाल्ला" या वाक्यांत एकच शब्द बदलून हा प्रयोग कर्मणि आहे हें सिद्ध करा. आंब्याच्या जागीं पोळी घातली कीं खाल्लाचें खाल्ली होतें. क्रियापद कर्माच्या मागें गेलें, म्हणून कर्मणि. हें ज्या मुलाला करतां आलें त्याला व्याख्या विचारण्याचें कारणच उरत नाहीं. इतिहासाचा प्रश्न होता : कोंढाणा महाराजांचाच होता, तर १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांना तो प्राण देऊन कां घ्यावा लागला? धड्यांत हें उत्तर एके ठिकाणीं नाहीं. पुरंदरच्या तहांत १६६५ सालीं दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कोंढाणा होता, ही ओळ एका पानावर. तो परत घेतल्याची हकीकत पुढच्या धड्यांत. चिठ्ठी चारची निघाली. आठ कागदांपैकीं तिघांवर "शत्रूनें जिंकला म्हणून" असें होतें. त्यांना गुण नाहींत. चौघांवर तहाचा उल्लेख होता. आठव्यावर लिहिलें होतें, "आपणच दिला होता म्हणून." गटानें कारणाचे गुण मागितले, तह लिहिला नाहीं म्हणून मीं नाकारले, आणि दोनच दिले. तो निर्णय बरोबर होता कीं काय, याविषयीं अद्याप माझें मन स्वच्छ नाहीं. वाक्य अपुरें होतें खरें, पण त्या मुलाला कळलेलें सर्व त्यांत होतें.

खात्रीच्या फेरींतला प्रश्न स्वयंपाकघरांतला होता. पातेल्यांत पाणी खळखळां उकळत आहे. ज्योत मोठी केली तर पाणी अधिक तापेल काय? सहा गटांनीं "होय" लिहिलें आणि सहांनींही त्याखालीं खात्री लिहिली. उत्तर "नाहीं" असें आहे : उघड्या भांड्यांत पाणी एकदां उकळूं लागलें कीं पुढची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते, पाणी लवकर आटतें, पण त्याचें तपमान तेथेंच राहतें. सहा गटांचे तीन-तीन गुण गेले तेव्हां वर्गांत जी शांतता पसरली ती घंटीच्या दिवसांत मीं कधीं अनुभवली नव्हती. तीन मुलांनीं घरीं जाऊन आयांशीं वाद घातल्याचें मागाहून समजलें. जी चूक माणूस खात्रीनें करतो ती दुरुस्त झाल्यावर अधिक पक्की बसते, असें ब्रॅडी बटरफिल्ड व जॅनेट मेटकाफ यांना २००१ सालच्या प्रयोगांत आढळून आलें होतें. त्याचा पडताळा मला येथें आला. पुढच्या शनिवारीं तोच प्रश्न, भांडें बदलून, पाटीच्या फेरींत विचारला. चाळिसांपैकीं तेहतीस कागद बरोबर होते. तीन आठवड्यांनीं पुन्हां विचारला, तेव्हां एकतीस.

हा पुन्हां विचारण्याचा भाग गाळला तर बाकीचा डाव करमणूकच राहतो, म्हणून शेवटचीं आठ मिनिटें मी त्यासाठीं राखून ठेवतें. तासाचे पंचेचाळीस मिनिटांत तीन बसण्यांत, आठ पाटीला, सोळा क्रमांकाला, दहा खात्रीला जातात. उरलेल्या वेळांत प्रत्येक मुलानें वहीच्या शेवटच्या पानावर आपले चुकलेले प्रश्न आणि त्यांचीं बरोबर उत्तरें लिहावीं. त्या पानांतूनच पुढच्या आठवड्याचे दोन प्रश्न निघतात.

गुणांची बेरीज कशी होते त्याचा त्या दिवसाचा एक नमुना देतें. एका गटाला पाटींत पंचवीस, क्रमांकांत बारा मिळाले. खात्रींत मात्र तीन मिळाले, तीन गेले, पुढें दोन व एक मिळाले आणि शेवटीं एक गेला, म्हणजे हातीं दोन. एकूण एकोणचाळीस. दुसऱ्या गटाला पाटींत बावीस, क्रमांकांत चौदा. पण त्यांनीं पाण्याच्या प्रश्नाखालीं अंदाज लिहून तेथें कांहीं गमावलें नाहीं, आणि उरलेल्या चारांत दोन, तीन, एक, एक असे सात मिळविले. एकूण त्रेचाळीस, आणि डाव त्यांचा. बक्षीस मी देत नाहीं. जिंकलेल्या गटाकडे पुढच्या शनिवारीं चिठ्ठ्यांचा डबा असतो, एवढेंच. बेरीज फळ्यावरच पुसली जाते. महिन्याचा तक्ता भिंतीवर लावून पाहिला होता, पण तिसऱ्या आठवड्यापासून शेवटचे दोन गट खेळेनासे झाले, म्हणून काढून टाकला.

सगळेंच या डावांत बसतें असें नाहीं. जें मूळ शिकवितांना समजलें नाहीं तें प्रश्न विचारून समजत नाहीं. निबंध, नकाशा, आकृति यांची उजळणी निराळीच करावी लागते; आणि कवितेचा प्रश्न मी या खेळांत कधींच घेत नाहीं, कारण कविता चाळीस आंकड्यांच्या आंत सांगण्याची वस्तु नव्हे.

घरीं एक-दोन मुलें असतां गट कोठून आणावे, असें पुष्कळ पत्रांत विचारलें आहे. घरीं खात्रीची फेरी तेवढी खेळावी. मुलानें पांच प्रश्न आईला विचारावे आणि आईनें पांच मुलाला. दोघांनींही उत्तराखालीं तीनांपैकीं एक शब्द लिहावा आणि गुण याच नियमानें मोजावे. आईनें मुद्दाम हरूं नये. मुलांना तें लगेच कळतें. शाळेंतून आल्यावर "किती गुण?" असें विचारण्यापेक्षां "खात्री लिहून काय चुकलें?" असें विचारलें तर मूल आपण होऊन सांगूं लागतें.

त्या अबोल मुलीविषयीं लिहावयाचें राहिलें. पाटीच्या फेरी सुरू झाल्यावर तिचे शनिवार चुकेनासे झाले. बोलते मात्र ती अजूनही थोडेंच. उकळत्या पाण्याच्या डावानंतरच्या बुधवारीं तिची चिठ्ठी आली. प्रश्न होता : "कुकरमध्यें पाणी शंभर अंशांच्या वर तापतें काय?" खालीं उत्तर होतें, "होय, कारण वाफ कोंडली जाते व दाब वाढतो," आणि पानाच्या आंकड्याच्या जागीं लिहिलें होतें, "पुस्तकांत नाहीं. बाई उघड्या भांड्याबद्दल बोलल्या होत्या." शिटीच्या कुकरमध्यें तपमान सुमारें १२० अंशांपर्यंत जातें, म्हणूनच डाळ लवकर शिजते, हें मला ठाऊक होतें, पण मागल्या शनिवारीं 'उघड्या' या शब्दावर मीं मुळींच जोर दिला नव्हता. तो प्रश्न मीं खात्रीच्या फेरींत घातला. आठांपैकीं पांच गटांनीं या खेपेस अंदाज लिहिला. तिच्या गटाला तो प्रश्न देतां येत नव्हता, म्हणून त्या फेरीपुरती मीं तिला उत्तरें तपासावयास माझ्या टेबलापाशीं बोलाविलें. तिनें आठ कागद वाचले, एकावरचें कारण अपुरें आहे असें मला हळूच दाखविलें, आणि तरीही त्याला गुण द्यावे असें सुचविलें.